बँकेने पैसे दिले म्हणजे ते आपले झाले का? जॉइंट खातं, मागे राहिलेला खातेदार आणि बाकीचे वारस

पोस्ट लांब आहे. पण घरात आई-वडिलांचं किंवा नवरा-बायकोचं जॉइंट खातं असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून झाल्यावर कपाटातलं पासबुक काढून त्याचं पहिलं पान बघा.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर आणि नंतर तालुक्याच्या गावातल्या शाखांमध्ये. निवृत्त झाल्यावरही गावातले लोक मयत खात्याचे कागद घेऊन येतात. त्यात दोन प्रकारची माणसं असतात. पहिली विचारतात, "साहेब, नवऱ्याचं आणि माझं दोघांचं खातं, मग बँक मला माझेच पैसे का देत नाही?" दुसरी विचारतात, "दादाचं नाव बाबांच्या खात्यावर होतं म्हणून त्याने सगळे पैसे काढले. बँक म्हणते आम्ही बरोबर दिले. मग आमचं काय?"

पहिल्या बाईला बँक अडवते ते बहुतेक वेळा चूक असतं. दुसऱ्या प्रश्नात बँक म्हणते ते बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि तरीही बहिणीचा हिस्सा बुडालेला नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की घरातली निम्मी भांडणं मिटतील असं माझं मत आहे. मूळ मुद्दा एवढाच: खात्यातून पैसे काढायचा अधिकार वेगळा आणि त्या पैशांची मालकी वेगळी. बँक फक्त पहिली गोष्ट बघते. दुसरी बघणं तिचं कामच नाही.

आधी पैसे काढायच्या अधिकाराबद्दल.

जॉइंट खातं उघडताना फॉर्मवर एक रकाना असतो, खातं कोण चालवणार याचा. आपण घाईत सही करतो आणि क्लार्क जिथे टिक करायला सांगेल तिथे करतो. पण सगळं त्या टिकेवर ठरतं. पासबुकावर ते बहुतेक वेळा इंग्रजी आद्याक्षरांत छापलेलं असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

"ईदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने खातं चालवायचं, आणि एक गेला तर जो हयात असेल त्याला रक्कम मिळणार. तीन-चार नावं असतील तर "एनीवन ऑर सर्व्हायव्हर" असतं, अर्थ तोच. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे पहिलं नाव असलेला जिवंत आहे तोवर फक्त त्याने चालवायचं, दुसऱ्याचा नंबर त्याच्यानंतर. आणि चौथा प्रकार "जॉइंटली", म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. यात "सर्व्हायव्हर" हा शब्द नाही, आणि सगळी अडचण तिथे होते.

खात्यावर "सर्व्हायव्हर" शब्द असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम अगदी सरळ आहे. जून २००५ च्या परिपत्रकापासून तो चालत आलाय, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत ग्राहकांच्या दाव्यांचे नियम एकत्र करून नव्याने काढले तेव्हाही तो कायम राहिला. हयात खातेदाराने मृत्यूचा दाखला, स्वतःचे ओळखीचे कागद आणि दाव्याचा फॉर्म द्यायचा. बँकेने तीन गोष्टी बघायच्या: मृत्यू खरंच झालाय का, समोरचा माणूस तोच आहे का, आणि कोर्टाची मनाई आलेली आहे का. मनाई नसेल तर पैसे द्यायचे. यासाठी वारसा प्रमाणपत्र मागायचं नाही, जामीनदार मागायचा नाही, हमीपत्र मागायचं नाही. रक्कम दोन लाख असो की वीस लाख, फरक पडत नाही. सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम व्हायला हवं. नव्या नियमांत तर उशीर बँकेमुळे झाला तर त्या दिवसांचं व्याज भरपाई म्हणून द्यायची तरतूद आहे. हे नियम अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती.

तरीही शाखेत काय होतं? नवरा गेलेल्या बाईला सांगतात, "मुलांच्या सह्या आणा", "कोर्टाचा दाखला आणा". बाई मुलांच्या दारात सहीसाठी उभी राहते. ज्या मुलाशी पटत नाही तो सही अडवतो आणि बदल्यात काहीतरी मागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या बाईने शाखेत शांतपणे एकच विचारावं: "खातं ईदर ऑर सर्व्हायव्हर आहे. कोणत्या नियमाने वारसांच्या सह्या मागताय ते लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा फाईल हलते. नाही हलली तर बँकेकडे लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

बँक खरंच थांबू शकते अशा जागा मोजक्या आहेत. खातं "जॉइंटली" असेल तर मयताच्या जागी त्याचे सगळे वारस येतात. त्यांच्या आणि हयात खातेदाराच्या संमतीनेच पैसे निघतात. रक्कम मर्यादेत असेल तर साध्या कागदांवर काम होतं. नव्या नियमांत ही मर्यादा व्यापारी बँकांसाठी किमान १५ लाख आणि सहकारी बँकांसाठी ५ लाख ठेवली आहे. त्याच्या वर बँक कोर्टाचा कागद मागू शकते. दुसरी जागा मुदत ठेवीची. ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर ठेव ठेवतानाच्या फॉर्मवर "एकाच्या मृत्यूनंतर हयात खातेदाराला मुदतीआधी मोडता येईल" अशी संमती दोघांनी दिलेली आहे का, हे बघितलं जातं. नसेल तर मयताच्या वारसांची संमती लागू शकते. मुदत संपल्यावर मात्र तो प्रश्न येत नाही. आणि मृत्यूमुळे ठेव मोडली तर दंड कापायचा नाही, हेही नियमातच आहे. पावतीवर बघा आणि कापला असेल तर परत मागा.

इथे नॉमिनीचा घोळ मिटवून टाकतो. जॉइंट खात्याला नॉमिनी असला तरी त्याचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच येतो. वडील गेले, आई हयात आहे, नॉमिनी धाकटा मुलगा आहे, तर त्या दिवशी बँकेच्या दृष्टीने मुलाचा काहीही संबंध नाही. पैसे आईला.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमात, पैसे देण्याच्या अटींमध्येच, आणखी एक अट आहे. हयात खातेदाराला किंवा नॉमिनीला बँकेने स्पष्ट सांगायचं की ही रक्कम तुम्हाला मयताच्या वारसांच्या वतीने, त्यांचे विश्वस्त म्हणून मिळते आहे, आणि त्यामुळे इतर कोणाचा तुमच्याविरुद्धचा हक्क संपत नाही. हे वाक्य दाव्याच्या फॉर्मवर असतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत, सहीच्या वर. सही करणाऱ्या शंभरातल्या किती जणांनी ते वाचलं असेल, तुम्हीच सांगा.

हा काही नवा शोध नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९२८ साली, प्रिव्ही कौन्सिलने गुरां दित्ता खटल्यात हेच ठरवलं होतं. हिंदू नवऱ्याने स्वतःचे पैसे स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" अशा अटीने बँकेत ठेवले, तर तेवढ्यावरून ते बायकोला बक्षीस दिले असं धरता येत नाही. बक्षीस द्यायचा हेतू होता हे वेगळं सिद्ध करावं लागतं. सिद्ध नाही झालं तर पैसे नवऱ्याच्या मालमत्तेतच राहतात. नॉमिनीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की बँकिंग कायद्यातली नॉमिनेशनची तरतूद पैसे हातात घ्यायचा अधिकार देते, मालकी देत नाही.

याचा अर्थ असा की कायदा बँकेला मोकळं करतो, हयात खातेदाराला नाही. बँकेने नियमाने पैसे दिले की तिची जबाबदारी संपली. त्यानंतर बहिणीने बँकेवर दावा लावून काही होणार नाही. तिचा हिशेब भावाशी आहे.

एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून दाखवतो. माणसं कोणा एकाची नाहीत, बऱ्याच घरांतून उचलून एकत्र केलेली आहेत.

निवृत्त शिक्षक. पत्नी हयात. धाकटा मुलगा सोबत राहतो, बाबांना दवाखान्यात तोच न्यायचा, म्हणून बँकेच्या सोयीसाठी त्याचं नाव खात्यावर लावलं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात. थोरला मुलगा आधीच गेलेला, त्याची बायको आणि एक शाळकरी मुलगा वेगळे राहतात. गुरुजी गेले. इच्छापत्र नाही. बचत खात्यात २,६०,००० आणि मुदत ठेवीचे व्याजासह ८,००,०००, दोन्ही गुरुजी आणि धाकट्याच्या नावावर, "ईदर ऑर सर्व्हायव्हर".

बँक कोणाला देणार? धाकट्याला, सगळे १०,६०,०००. बरोबर आहे.

यातले वाटायचे किती? इथे पासबुक समोर ठेवून बसायचं. बचत खात्यात ३०,००० अशी एक नोंद आहे, ती मृत्यूनंतरच्या पुढच्या महिन्याच्या पेन्शनची. कोषागाराला मृत्यू कळवायला उशीर झाला म्हणून जमा झाली. ती कोणाचीच नाही, सरकारला परत करायची. ती खर्च केली तर वसुली निघते, आणि पुष्कळदा ती आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून कापली जाते. मग १,००,००० धाकट्याच्या पगार खात्यातून वेळोवेळी आलेले दिसतात, त्याच्या नोंदी आहेत. ते त्याचे स्वतःचे. जॉइंट खात्यात ज्याने भरले त्याचे, हा साधा नियम, फक्त दाखवता आलं पाहिजे. उरले १,३०,०००. त्यात ठेवीचे ८,००,००० मिळवले की ९,३०,००० ही गुरुजींची खरी रक्कम.

त्यातून आधी दवाखान्याचं राहिलेलं बिल ७०,००० आणि अंत्यसंस्कार ते तेराव्यापर्यंतचा खर्च ४०,००० वजा. हे धाकट्याने भरले असतील आणि पावत्या असतील तर ते त्याने वळते करून घेणं रास्तच आहे. राहिले ८,२०,०००.

आता वारस. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हयात असेल तर तीसुद्धा, हे सगळे एका पायरीवर, सारख्या हिश्शाने. गुरुजींची आई नाही. आधी गेलेल्या मुलाच्या घरातल्यांना मिळून त्या मुलाचा एक हिस्सा. म्हणजे चार हिस्से: आई, धाकटा, मुलगी आणि थोरल्याचं घर. प्रत्येकी २,०५,०००. थोरल्याच्या हिश्शातले १,०२,५०० त्याच्या बायकोचे आणि १,०२,५०० मुलाचे. मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याची रक्कम त्याच्यासाठी जपून ठेवायची, घरखर्चात मिसळायची नाही.

आईला दरमहा मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन यात धरायचं नाही. ते तिचं एकटीचं. "तुला पेन्शन आहे ना, मग ठेवीत कशाला हिस्सा" असं आईला म्हणणारी मुलं मी पाहिलीत. कायद्यात त्याला काही आधार नाही.

तर धाकट्याने बँकेतून १०,६०,००० उचलले, आणि त्याला स्वतःचे म्हणून ठेवता येतात ते पगाराचे एक लाख, खर्चाचे एक लाख दहा हजार आणि हिश्शाचे दोन लाख पाच हजार. एकूण ४,१५,०००. बाकी ६,१५,००० इतर वारसांचे आणि ३०,००० सरकारचे. घरोघरी होतं काय, तर तेराव्याला सगळे जमतात, हिशेबाचा विषय कोणी काढत नाही, आणि सहा महिन्यांनी त्या पैशातून घरावर स्लॅब पडतो. स्लॅब दिसल्यावर बहीण विचारते, आणि मग "ताईला बाबांच्या पैशाचा मोह सुटला" हे वाक्य गावभर फिरतं. थोरल्या वहिनीला तर कोणी विचारतही नाही. नवरा नाही म्हणजे हिस्साही नाही असं गृहीत धरलेलं असतं.

धाकट्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "आठ वर्षं बाबांचं मी केलं. डायपर मी बदलले. ताई दिवाळीला यायची." हे खरं असतं, आणि त्याची किंमत शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण सेवेमुळे वारसाहक्काचा हिस्सा आपोआप वाढत नाही. त्याचं माप द्यायचं असेल तर दोन रस्ते आहेत. गुरुजींनी हयातीत द्यायचं, किंवा आता सगळ्यांनी बसून स्वखुशीने द्यायचं. गुपचूप ठेवून घेणं हा तिसरा रस्ता नाही. आणि खरं सांगतो, हिशेब उघडा मांडणाऱ्या भावाला बहिणी बहुतेक वेळा हिश्शापेक्षा जास्तच सोडून देतात. लपवणाऱ्याच्या मागे मात्र कोर्टापर्यंत जातात.

म्हणून हयात खातेदाराला माझं सांगणं. पैसे काढा, तुमचा अधिकार आहे. पण मृत्यूच्या तारखेची शिल्लक दाखवणारा खातेउतारा त्याच दिवशी काढून ठेवा. रक्कम तुमच्या रोजच्या खात्यात मिसळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. खर्चाच्या पावत्या एका पाकिटात. महिन्या-दोन महिन्यांत एक पानी हिशेब करा, वर मी केला तसा, आणि प्रत्येक वारसाला द्या. कोणी हिस्सा सोडत असेल तर रकमेचा आकडा घालून लेखी घ्या. वाटप चेकने किंवा बँकेतून करा, म्हणजे दहा वर्षांनी कोणी "मला मिळालेच नाहीत" म्हणणार नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड, त्याचा फोन, त्याचं यूपीआय वापरून पैसे काढू नका. खातं जॉइंट असेल तर तुमच्या सहीने, तुमच्या कार्डाने काढा. खातं वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर मृत्यूनंतर एक रुपयाही तसा काढायचा अधिकार कोणाला नाही. तुमच्याकडे मुखत्यारपत्र असलं तरी ते मृत्यूच्या क्षणी संपतं. आधी सही करून ठेवलेला चेकही त्याच हिशेबात. "पिन बाबांनीच दिला होता" हे उत्तर पुरत नाही, आणि दाखल्यावरची तारीख आणि उताऱ्यावरची एटीएमची नोंद शेजारी ठेवली की कोणालाही दिसतं.

आता बाकीच्या वारसांसाठी. तुम्ही बँकेत जाऊन "पैसे देऊ नका" असा अर्ज दिला, तर तेवढ्यावर बँकेने "सर्व्हायव्हर" खातं अडवून ठेवायचं नसतं. बँकेला थांबवतो तो कोर्टाचा आदेश. रक्कम मोठी असेल, ती गायब होण्याची खरी भीती असेल, तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात लवकर मनाई मागा. पैसे आधीच निघाले असतील तर दावा बँकेवर करू नका, ज्याने काढले त्याच्याकडे हिशेब आणि हिस्सा मागा. आधी साधं पत्र लिहा, पोच ठेवा. आणि मग थांबून राहू नका, कारण दावा लावायलाही मुदत असते.

आणि बँकेत सही करायला बोलावलं तर कागद वाचा. ज्या खात्याला "सर्व्हायव्हर" अट नाही तिथे बँक एका वारसाला रक्कम देताना बाकीच्यांकडून ना-हरकत घेते. बँकेने अमुकला पैसे दिले तर माझी हरकत नाही, एवढाच मजकूर असेल तर ठीक. पण त्याच गठ्ठ्यात "माझा हक्क मी कायमचा सोडला" असा वेगळा कागद असू शकतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहिणींनो, "नुसती बँकेची फॉर्मॅलिटी आहे" म्हणून भावाने पुढे केलेल्या कागदावर ओळखीखातर सही करू नका. हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण काय सोडताय ते माहीत असू द्या.

ज्यांना खरोखरच वाटतं की आपल्यामागे पैसे अमुकलाच मिळावेत, बायकोला किंवा सांभाळणाऱ्या मुलाला, त्यांनी जॉइंट नावावर आणि नॉमिनीवर विसंबू नये. स्वकमाईचं इच्छापत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असे निवडा. त्यात खाते क्रमांक घालून लिहा की ही रक्कम अमुकची. वर गुरुजींनी तशी चार ओळींची चिठ्ठी साक्षीदारांसमोर केली असती तर धाकट्याला चोरासारखं वागावं लागलं नसतं आणि ताईला भांडावं लागलं नसतं.

दोन मर्यादाही सांगून ठेवतो. वरचे हिस्से हिंदू उत्तराधिकार कायद्याचे आहेत. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांत हिश्शांचं गणित वेगळं असतं, पण बँकेचा नियम तोच. गोव्यातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं की तिथल्या नागरी कायद्यात लग्नानंतर संपत्ती साधारणपणे नवरा-बायकोची निम्मी-निम्मी धरली जाते, म्हणजे वाटप सुरू होण्याआधीच निम्मी रक्कम हयात जोडीदाराची. आणि पतसंस्था ही बँक नव्हे. तिथे रिझर्व्ह बँकेचे हे नियम आणि लोकपाल लागू नाहीत. संस्थेचे उपविधी बघावे लागतात आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. आपल्या भागात निम्म्या ठेवी पतसंस्थेत असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शेवटी माझं मत. बँकांनी "सर्व्हायव्हर"ला पैसे झटपट द्यावेत, यात काही शंका नाही. घरातला कर्ता माणूस गेल्यावर विधवेला किराण्यासाठी कोर्टात पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो थांबावा म्हणूनच हा नियम झाला. पण त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग, ते विश्वस्ताचं वाक्य, फॉर्मच्या तळाशी इंग्रजीत गाडून ठेवणंही चूक आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाखेने ते मराठीत, ठळक अक्षरात छापावं आणि पैसे देताना अधिकाऱ्याने तोंडी वाचून दाखवावं: "हे पैसे तुम्हाला वारसांच्या वतीने मिळत आहेत." दहा सेकंद लागतात. एवढं ऐकल्यावर निम्मे भाऊ स्वतःहून बहिणीला फोन करतील. उरलेल्यांना निदान "मला माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे मी तसं निवेदन देणार आहे. मसुदा कमेंटमध्ये टाकतो. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नाव आणि गाव लिहा.

आणि पासबुक बघितलंत का? "जॉइंटली" निघालं तर दोघंही हयात आहेत तोवर शाखेत जाऊन ते बदलून घ्या. दोघांच्या सह्या लागतात. आज त्या मिळतील.